उचल व कर्मचारी कर्ज (श्रीरामपूर परिसर)

नोकरदाराने पुढच्या पगारातून फेडण्याच्या बोलीवर मालकाकडून घेतलेली रक्कम. श्रीरामपूर, बेलापूर, टिळकनगर या साखरपट्ट्यात तिला सरसकट उचल म्हणतात. हिशेबात मात्र तिचे दोन प्रकार पडतात. एक किंवा दोन पगारांतून वळती होणारी छोटी रक्कम म्हणजे पगाराची आगाऊ रक्कम. वर्ष-दोन वर्षांच्या हप्त्यांनी फिटणारी मोठी रक्कम म्हणजे कर्मचारी कर्ज. ऊसतोड मजूर मुकादमाकडून कोयत्यामागे घेतात तीही उचलच, पण तिचा हिशेब मुकादमाच्या वहीत चालतो आणि ती या नोंदीच्या कक्षेबाहेर आहे. घेतलेल्या पैशांच्या बदल्यात माणसाला कामावर अडकवून ठेवणे हा मात्र दोन्हीकडे गुन्हाच आहे. वेठबिगार पद्धती निर्मूलन अधिनियम, 1976 त्यासाठीच आहे.

पात्रता. साधारण रीत अशी की परिवीक्षाकाल संपलेल्या, कायम कर्मचाऱ्यालाच कर्ज मिळते. आगाऊ रक्कम त्याआधीही देता येते. साखर कारखान्यांतील हंगामी कामगारांची गोष्ट निराळी. गळीत हंगामात पूर्ण पगार असतो, हंगाम संपला की फक्त रिटेन्शन अलाउन्स मिळतो. अशा कामगाराला बारा समान हप्ते लावणारे धोरण पहिल्याच उन्हाळ्यात थकते. म्हणून हप्ते हंगामाच्या महिन्यांवर बसवावे लागतात. सरकारी नमुना सर्वांत सोपा आहे. राज्य शासनाच्या अराजपत्रित कर्मचाऱ्यांना सण अग्रिम म्हणून 12,500 रुपये बिनव्याजी मिळतात आणि 1,250 रुपयांच्या दहा हप्त्यांत ते फिटतात.

मर्यादा. किती द्यायचे हे बहुतेक धोरणे पगाराच्या पटीत ठरवतात: दोन महिन्यांचा पगार, तीन महिन्यांचा पगार. ही पद्धत फसवी आहे. मर्यादा पगारावर नव्हे, पगारातून काय कापता येईल त्यावर ठरायला हवी. वेतन संहिता, 2019 (अंमल 21 नोव्हेंबर 2025 पासून) सांगते की एका वेतनकाळातील सर्व कपाती मिळून वेतनाच्या 50 टक्क्यांच्या वर जाता कामा नयेत. जुन्या वेतन प्रदान अधिनियमात सहकारी संस्थेची कपात असल्यास ही मर्यादा 75 टक्क्यांपर्यंत जाई. ती सवलत नव्या संहितेत नाही. श्रीरामपूरसारख्या गावात हा बदल लगेच जाणवतो, कारण इथे पगारदारांच्या सहकारी पतसंस्थेचे कर्ज अनेकांच्या डोक्यावर असते.

उदाहरण घेऊ. एका कामगाराचा मूळ पगार व महागाई भत्ता मिळून 18,000 रुपये आहे. भविष्य निर्वाह निधी 1,800, राज्य विमा 135, व्यवसाय कर 200, पतसंस्थेचा हप्ता व वर्गणी मिळून 4,000. एकूण 6,135. मर्यादा 9,000 ची, म्हणजे मालकाच्या हप्त्याला जागा उरली 2,865 रुपयांची. त्याने 60,000 मागितले आणि धोरणात ‘बारा हप्ते’ लिहिलेले असेल, तर महिना 5,000 कापावे लागतील. ते कायद्यात बसत नाही. 2,500 चे 24 हप्ते बसतात. पगारपत्रक न बघता कर्ज मंजूर करणाऱ्या कारकुनाला हे पहिल्या महिन्याच्या शेवटी कळते.

पतसंस्थेची कपात आधी का धरायची? सभासदाने लेखी करार करून दिला असेल, तर महाराष्ट्र सहकारी संस्था अधिनियम, 1960 च्या कलम 49 प्रमाणे ती रक्कम कापून संस्थेकडे भरणे मालकावर बंधनकारक होते. मालकाने कुचराई केली तर ती रक्कम त्याच्याकडूनच वसूल होऊ शकते, तीही जमीन महसुलाच्या थकबाकीसारखी. मालकाच्या स्वतःच्या उचलीला असे पाठबळ नाही.

व्याज. छोटी आगाऊ रक्कम बहुधा बिनव्याजी असते. कर्जावर व्याज घ्यायचे तर दर नियमांनी घालून दिलेल्या मर्यादेत हवा, आणि तो सरळ रकमेवर आहे की घटत्या शिलकीवर, हे अर्जावर लिहिलेले हवे. वरच्याच 60,000 वर द.सा.द.शे. 6 ने सरळ व्याज दोन वर्षांचे 7,200 होते. घटत्या शिलकीवर, समान मुद्दलाच्या हप्त्यांनी, ते 3,750 भरते. दर तोच, पण कामगाराच्या खिशातून जवळजवळ दुप्पट जाते. बिनव्याजी किंवा स्वस्त कर्जाला आणखी एक बाजू आहे. प्राप्तिकर नियमांनुसार वर्षभरात असे कर्ज ठरावीक रकमेच्या वर गेले, तर स्टेट बँकेच्या 1 एप्रिलच्या दराशी तुलना करून वाचलेले व्याज हा कर्मचाऱ्याचा करपात्र लाभ धरला जातो. विशिष्ट आजारांच्या उपचारासाठी घेतलेले कर्ज यातून वगळले आहे.

वसुली. हप्ता पगारपत्रकात स्वतंत्र रकान्यात दिसावा आणि कर्ज-खतावणीतील शिलकीशी जुळावा. घोळ ओळखायचा सोपा मार्ग हाच: तीन महिन्यांची खतावणी आणि पगारपत्रके शेजारी ठेवून बघावे. बिनपगारी रजेच्या महिन्यात हप्ता पुढे ढकलला की नाही, हेही तिथेच दिसते. सहकर्मचाऱ्याला जामीन घेतले असले, तरी त्याच्या पगारातून परस्पर कपात करू नये. त्याची स्वतंत्र लेखी संमती नसेल तर ती अनधिकृत कपात ठरण्याची भीती असते.

नोकरी सोडताना. धोरणाची खरी परीक्षा इथे होते. संहितेप्रमाणे राजीनामा, बडतर्फी किंवा नोकरकपात झाल्यावर वेतन दोन कामाच्या दिवसांत चुकते करायचे असते. त्यामुळे हिशेब लांबवून दबाव आणण्याची वाट बंद झाली. आपल्या कामगाराने चौदा हप्ते फेडून महिन्याच्या मध्यावर राजीनामा दिला, असे धरू. शिल्लक 25,000. अर्ध्या महिन्याचा पगार 9,000, म्हणून कपातीची मर्यादा 4,500. त्यातून निधी 1,080, विमा 68, व्यवसाय कर 175 गेले. उरलेले 3,177 पतसंस्थेकडे जातील आणि मालकाच्या हाती वेतनातून एक पैही येणार नाही. साठलेल्या रजेच्या मोबदल्यातून वजावट करायची असेल, तर तशी संमती कर्जाच्या करारातच घेतलेली असावी. समजा 12 दिवसांचे, 26 ने भागून, 8,308 मिळाले. तरी 16,692 उरतातच.

या उरलेल्या रकमेसाठी ग्रॅच्युइटीकडे आणि भविष्य निर्वाह निधीकडे डोळे लावण्याची सवय आहे. दोन्ही पैशांना कायद्याचे संरक्षण आहे. ग्रॅच्युइटी कर्जापोटी अडवता येत नाही. निधीवर तर न्यायालयाच्या हुकमानेही जप्ती येत नाही. अनुभवाचा दाखला किंवा मूळ कागदपत्रे रोखून धरणे हा तर नुसता अडेलतट्टूपणा. राहतो तो कराराचा मार्ग: राजीनाम्याबरोबर उरलेल्या रकमेची लेखी कबुली आणि हप्ते, नाहीतर दिवाणी दावा. अशा दाव्याची मुदत सामान्यतः तीन वर्षांची असते. 16,692 रुपयांसाठी दावा कोणी लावत नाही, म्हणून कर्ज देतानाच ‘सोडताना काय’ हे कलम आधी लिहावे आणि रकमेचा आकडा त्यानंतर भरावा.