शिक्षणाची तत्त्वज्ञाने : आदर्शवाद, कार्यवाद, निसर्गवाद
१९३७ मध्ये वर्ध्यात गांधीजींनी सूतकताईसारख्या हस्तोद्योगातून शिकवणारी नई तालीम मांडली. तिच्यात या तिन्ही विचारधारा भेटतात, म्हणून त्यांतला फरक टकळीवरच पाहावा. प्लेटोपासूनच्या आदर्शवादाला सत्य आणि चारित्र्य हवे : मूल आपले सूत स्वतः मोजते, खरा आकडा सांगते. ड्यूईचा कार्यवाद अनुभवातून ज्ञान घडवतो : धागा का तुटला, हे मुले कधी पेळू, तर कधी पीळ बदलून शोधतात. रूसोचा निसर्गवाद मुलाच्या वाढीचा वेग पाळतो : बोटे तयार नसतील तर टकळी बाजूला राहते आणि वर्ग केळीच्या बागेत जातो. मात्र रोजच्या सुताचा कोटा ठरला, की धागा तुटण्याचे कारण शोधायला वेळच उरत नाही.