अनोळखी माणसाला सलाम

गावच्या वाटेवर अनोळखी माणूस दिसला की ‘रामराम पाव्हणं’ किंवा सलाम होतो आणि पाठोपाठ प्रश्न येतो, ‘कुणाकडं निघालात?’ माझ्या मते खरे महत्त्व या प्रश्नाला आहे. गाव तुमची ओळख लावून घेत असते. उत्तर दिले की तुम्ही कुणाचे तरी पाहुणे ठरता, वाट चुकला असाल तर कुणी सोबतही येते. न बोलता पुढे गेलात तर शिष्ट, नाहीतर संशयित.

शहरात हीच रीत का खटकते, याचा विचार बर्लिनच्या गिऑर्ग झिमेल या समाजशास्त्रज्ञाने केला. 1871 साली बर्लिनची वस्ती सुमारे 8 लाख होती, 1905 पर्यंत ती 20 लाखांवर गेली. झिमेल याच शहरात जन्मला आणि वाढला. 1903 च्या महानगरावरील निबंधात तो म्हणतो की, भेटणाऱ्या प्रत्येकाला लहान गावासारखा मनापासून प्रतिसाद द्यायचा ठरवले, तर शहरी माणसाच्या मनाच्या चिंधड्या होतील. म्हणून तो अलिप्तपणा पांघरतो. नंतर 1908 मध्ये त्याने आणखी एक नेमके निरीक्षण नोंदवले. आगगाडी आणि ट्राम येण्यापूर्वी माणसांवर एकमेकांकडे तासन्‌तास पाहत, तरीही न बोलता बसण्याची वेळच आली नव्हती. दादरचा पूल रोज ओलांडणाऱ्याला हे समजावून सांगायला नको!

पण हे न बोलणे म्हणजे उद्धटपणा नव्हे. अमेरिकेत काम केलेल्या अर्विंग गॉफमनने 1963 मध्ये ते उलगडून दाखवले. शहरात माणूस समोरच्याकडे क्षणभर पाहतो आणि नजर वळवतो. ‘तुम्ही दिसलात, पण माझे तुमच्याकडे काही काम नाही,’ एवढेच त्यातून कळते. अशा ठिकाणी कुणी थांबून बोलू लागला की आधी मनात येते, याला काय हवे असेल? वर्गणी, विमा की आणखी काही? बायकांना तर हा हिशोब क्षणात करावा लागतो.

आपल्याकडे हदीसमध्ये ओळखीच्या आणि अनोळखी, दोघांनाही सलाम करायला सांगितले आहे. मुंबईत तो मोहल्ल्यात, मशिदीच्या दारात सहज होतो, लोकलच्या डब्यात क्वचितच.

मात्र गावच्या नमस्काराचे गोडवे गाताना हात आखडता घ्यावा लागतो. महाराष्ट्रातल्या गावांत महारांना वरच्या जातींपुढे ‘जोहार मायबाप’ म्हणावे लागे. आधी कोण वाकणार, हे जातीनेच ठरवलेले असे. गिरणी किंवा रेल्वेच्या कामासाठी मुंबईला आलेल्या माणसाला रस्त्यावर कुणीच विचारत नव्हते. तो एकटा पडला असेल, पण त्या गर्दीत त्याच्याकडून जोहाराची वाट पाहत कुणी उभे नव्हते.