म्हातारा दूर सरतो की सारला जातो?

म्हातारपणाविषयी अमेरिकेत दोन मते पुढे आली. कमिंग व हेन्री यांनी १९६१ साली प्रतिपादिले, की वृद्ध माणूस आणि समाज परस्परसंमतीने एकमेकांपासून दूर सरतात. हा अलिप्ततेचा सिद्धांत. हॅविगहर्स्ट प्रभृती म्हणत, की सुटलेल्या कामाच्या जागी दुसरे काम मिळाले, तरच समाधान टिकते. हा सक्रियतेचा सिद्धांत.

आमच्या चांद्याच्या कोळसा खाणीत पहिल्याची कसोटी पाहा. तेथे शरीर नव्हे, रजिस्टरातील जन्मतारीख बोलते. साठ भरले, की हाजरी संपली. कंपनीचे क्वार्टरही सोडावे लागते. १९९८च्या योजनेप्रमाणे तीस वर्षांच्या नोकरीला सरासरी पगाराच्या चौथ्या हिश्श्याएवढे पेन्शन. यात कामगाराची संमती कोणी विचारली?

आता गडचिरोलीकडे वळू. २००६च्या वनहक्क कायद्याखालील नियमांनी, दावेदाराखेरीज इतर वडीलधाऱ्यांचे लेखी निवेदन हा पुरावा मानला. जुनी शिव कोठे, गुरे कोठे चरत, हे म्हाताऱ्यांनाच ठाऊक! मेंढा (लेखा) गावाला २००९ साली सुमारे १,८०० हेक्टर जंगलावर सामूहिक हक्क मिळाला. अशा दाव्यांत म्हाताऱ्याचा शब्द कामी येतो.

परंतु दावा मंजूर झाला, की साक्षही संपते. आणि अंथरुणाला खिळलेल्याला साक्षीने पाणी मिळत नाही. सक्रियतेची मर्यादा ती हीच. म्हणून आम्ही दोन प्रश्न वेगळे ठेवतो: अंगात बळ असताना काम कोणी काढून घेतले? आणि बळ सरल्यावर, मुलगा परगावी असता, उशाशी कोण बसणार?