फोटोवरून सेक्स्टंट कसा ओळखायचा? आणि तो खरंच जुना आहे का?

मित्राने व्हॉट्सॲपवर एक फोटो पाठवला. लाकडी पेटीत पितळी यंत्र, त्यावर ‘केल्विन अँड ह्यूज, लंडन, १९१७’. विक्रेता म्हणतो, पहिल्या महायुद्धातलं आहे. घेऊ का?

यंत्र कोणतं हे लगेच कळतं. पिझ्झाच्या तुकड्यासारखी चौकट, खाली आकड्यांची कमान, टोकापासून कमानीपर्यंत येणारा फिरता दांडा आणि दोन छोटे आरसे: हा सेक्स्टंट. क्षितिजापासून सूर्य किंवा तारा किती अंश वर आहे, हे जहाजावरून मोजायचं यंत्र. थिओडोलाइटला तिपाईवर बसणारी दुर्बीण आणि पूर्ण गोल तबकड्या असतात, त्यामुळे त्यात गोंधळ होत नाही. गोंधळ होतो तो ऑक्टंटशी. त्याची कमान वर्तुळाचा आठवा भाग असते आणि आकडे ९० च्या आसपास संपतात. सेक्स्टंटचे १२० किंवा थोडे पुढे जातात.

आता एक गंमत. आरसा जितका फिरतो त्याच्या दुप्पट प्रकाशकिरण वळतो, म्हणून ६० अंशांच्या कमानीवर १२० पर्यंत आकडे कोरतात. म्हणजे दांड्याची खीळ, ० ची खूण आणि १२० ची खूण जोडली की समभुज त्रिकोण व्हायला हवा. फोटो कोणत्याही एडिटरमध्ये उघडा आणि तिन्ही अंतरं पिक्सेलमध्ये मोजा. खिळीपासून दोन्ही खुणा ९०० पिक्सेलवर असतील, तर त्या दोघींमधलं अंतरही ९०० च्या जवळपास यायला हवं. खिळीपासूनची दोन अंतरंच वेगळी आली तर फोटो तिरका आहे, समोरून काढलेला मागा. फोटो सरळ असूनही त्रिकोण बसत नसेल, तर आकडे नुसते शोभेचे आहेत.

मित्राच्या फोटोत त्रिकोण बसला! पण नावाने घात केला. केल्विन आणि ह्यूज या दोन वेगळ्या कंपन्या होत्या, त्या एकत्र आल्या १९४७ मध्ये. १९१७ च्या यंत्रावर हे जोडनाव असूच शकत नाही.

मग कमानीवर झूम केलं. जुन्या चांगल्या सेक्स्टंटवर बारीक रेघा चांदीच्या पट्टीवर कोरलेल्या असतात. बऱ्याचदा एका अंशाचे सहा भाग, म्हणजे दर १० मिनिटांना एक रेघ. दांड्याच्या टोकाला व्हर्नियर असतो, तो त्याहून बारीक वाचायला. इथे रेघा जाड होत्या, थेट पितळेवर ठोकलेल्या, आणि व्हर्नियर जागेवर नव्हताच. आरशांच्या मागे जुळवणीचे स्क्रूही दिसेनात. त्यांच्याशिवाय आरसे सरळ करता येत नाहीत आणि मोजलेला कोन चुकतो.

नुसत्या नावावर मात्र निकाल देऊ नका, नाव नंतरही कोरता येतं. उलट, खऱ्या यंत्राचा व्हर्नियर झिजलेलाही असू शकतो. म्हणून विक्रेत्याकडे दोन फोटो मागा: दांडा शून्यावर ठेवून कमानीचा जवळून, आणि आरशांच्या मागच्या बाजूचा.

मित्राने मागितले. विक्रेत्याने पुन्हा पेटीचाच फोटो पाठवला. मित्राने घेतला नाही.