डोळे येणे : विषाणू, जिवाणू आणि ॲलर्जी यांतील भेद

पापण्यांच्या आतील बाजूस आणि डोळ्याच्या पांढऱ्या भागावर पसरलेल्या पातळ, पारदर्शक आवरणाला नेत्रश्लेष्मला म्हणतात. या आवरणाचा दाह झाला की त्यातील सूक्ष्म रक्तवाहिन्या फुगतात व डोळा लाल दिसतो. या विकाराला वैद्यकात नेत्रश्लेष्मलाशोथ आणि बोलीत ‘डोळे येणे’ म्हणतात. विषाणू, जिवाणू आणि ॲलर्जी ही त्याची तीन प्रमुख कारणे असून लाली तिन्हींत सारखीच असल्याने केवळ रंगावरून निदान होत नाही. डोळ्यातून काय वाहते, मुख्य त्रास खाजेचा आहे की खुपण्याचा आणि एक डोळा आधी बिघडला की दोन्ही एकदम, या तीन गोष्टींवरून कारणाचा अंदाज बांधता येतो.

विषाणुजन्य प्रकार : पावसाळ्यात येणारी ‘डोळ्यांची साथ’ बहुधा या प्रकारची असते. 2023 च्या जुलै-ऑगस्टमध्ये महाराष्ट्रात अशी मोठी साथ पसरली. पुणे जिल्ह्यातील आळंदी येथे शाळकरी मुलांना मोठ्या प्रमाणावर लागण झाल्याने तिच्याकडे प्रथम लक्ष वेधले गेले आणि तेथील नमुन्यांत पुण्याच्या राष्ट्रीय विषाणू संस्थेला एन्टेरोविषाणू आढळले. या गटातील विषाणूंची साथ महाराष्ट्राला नवी नव्हती. 1969 मध्ये आफ्रिकेतील घाना येथे प्रथम नोंदला गेलेला, डोळ्याच्या पांढऱ्या भागात रक्ताचे ठिपके उमटवणारा प्रकार 1971 मध्ये मुंबईपर्यंत पोहोचला होता. या प्रकारात लागणीनंतर एक-दोन दिवसांतच लक्षणे दिसतात आणि आठवड्याभरात ओसरतात; ॲडिनोविषाणूच्या लागणीत मात्र लक्षणे दिसण्यास पाच ते बारा दिवस लागू शकतात आणि डोळा पूर्ववत होण्यास दोन-तीन आठवडेही जातात.

विषाणुजन्य दाहात डोळ्यातून पाण्यासारखा पातळ स्राव वाहतो, वाळू गेल्यासारखे खुपते आणि पहिल्या डोळ्यापाठोपाठ दोन-तीन दिवसांत बहुधा दुसराही लाल होतो. आधी सर्दी किंवा घसादुखी झालेली असणे आणि कानाच्या अगदी पुढे बोटाला दुखरी गाठ लागणे, या खुणा असल्यास निदानाला बळकटी येते. रुग्णाच्या डोळ्यांकडे नुसते पाहिल्याने हा रोग लागत नाही. स्राव लागलेला हात, टॉवेल, उशीचा अभ्रा किंवा थेंबांच्या बाटलीचे टोक यांतून तो पसरतो, त्यामुळे काळ्या चष्म्याने उजेडाचा त्रास कमी होत असला तरी संसर्ग थांबत नाही. प्रतिजैविक थेंबांचा विषाणूंवर परिणाम होत नसल्याने थंड पाण्याच्या घड्या, कृत्रिम अश्रूंचे थेंब आणि वारंवार हात धुणे हेच उपचार पुरेसे ठरतात.

जिवाणुजन्य प्रकार : यात पिवळा किंवा हिरवट, घट्ट पू येतो. सकाळी पापण्या चिकटणे हे एकटे लक्षण मात्र फसवे आहे, कारण रात्रभर साचलेला स्राव वाळल्याने विषाणुजन्य दाहातही पापण्या चिकटतात. निर्णायक फरक दिवसा दिसतो. उकळून कोमट केलेल्या पाण्यात भिजवलेल्या कापसाने डोळा पुसल्यानंतर काही वेळाने कडांना पुन्हा पू जमू लागला तर जिवाणूंची शक्यता वाढते आणि दिवसभर केवळ पाणीच गळत राहिले तर ती कमी होते. सौम्य जिवाणुजन्य दाह पुष्कळदा आठ-दहा दिवसांत आपोआप बरा होतो, तर वैद्याने दिलेल्या प्रतिजैविक थेंबांनी तो काही दिवस आधी आटोक्यात येतो. पुसताच काही मिनिटांत पुन्हा भरपूर पू भरत असेल आणि पापण्या टम्म सुजल्या असतील, तर पारपटलाला, म्हणजे बुबुळासमोरील पारदर्शक भागाला, थोड्याच काळात छिद्र पाडू शकणाऱ्या जिवाणूंची शंका घेऊन त्याच दिवशी रुग्णालय गाठावे लागते.

ॲलर्जीजन्य प्रकार : खाज हे याचे मुख्य लक्षण होय. दोन्ही डोळे एकदम खाजतात, पांढरट, तारेसारखा ओढला जाणारा चिकट स्राव येतो आणि सोबत शिंका व नाक गळणे असते. हा प्रकार संसर्गजन्य नसून तो ठरावीक ऋतूत किंवा धूळ व परागांच्या संपर्कात पुन्हापुन्हा उद्भवतो. नाशिकसारख्या कोरड्या उन्हाळ्याच्या प्रदेशात पाच ते पंधरा वर्षांच्या मुलांत, विशेषतः मुलग्यांत, याचे एक तीव्र रूप आढळते, ज्यात वरच्या पापणीच्या आत फरशीच्या दगडांसारखे उंचवटे येतात. सतत डोळे चोळल्याने पारपटल पातळ होऊन शंकूसारखे पुढे येण्याचा धोका असतो. कांदा चिरताना किंवा कांद्याच्या खळ्यावर डोळ्यांतून येणारे पाणी ही मात्र ॲलर्जी नव्हे. ती क्षणिक चुरचुर असून तेथून दूर गेल्यावर थांबते.

उदाहरण : जुलैमध्ये नाशिकमधील आठ वर्षांच्या मुलाचा उजवा डोळा सोमवारी लाल झाला, बुधवारी डावाही झाला, पापण्या सकाळी चिकटतात पण दिवसा पाणीच येते, खाज थोडी आहे आणि वर्गातील तिघांचे डोळे आले आहेत, अशी कल्पना केल्यास कारण विषाणू हेच संभवते. याच मुलाला दर मार्चमध्ये डोळे चोळण्याची सवय असती व दोन्ही डोळे एकाच दिवशी लाल झाले असते, तर ॲलर्जीचा विचार आधी करावा लागला असता. पहिल्या स्थितीत डोळ्यातून पाणी येत असेपर्यंत शाळा, पोहणे व सामाईक टॉवेल टाळणे आवश्यक ठरते, तर दुसऱ्या स्थितीत मुलाला घरी ठेवण्याची गरज नसते.

स्टेरॉइडचे थेंब : औषधाच्या दुकानातून सल्ल्याविना घेतलेल्या थेंबांत प्रतिजैविकासोबत डेक्सामेथासोन किंवा प्रेडनिसोलोनसारखे स्टेरॉइड असू शकते. त्याने लाली एका दिवसात उतरते, म्हणूनच ते गुणकारी वाटते; परंतु हर्पिस विषाणूची किंवा बुरशीची जखम असल्यास ती त्याच काळात आत वाढत जाते. दीर्घ वापराने डोळ्यातील दाब वाढून काचबिंदू होऊ शकतो, तसेच मोतीबिंदूही होऊ शकतो. ॲलर्जीच्या मुलांत हा धोका सर्वाधिक असतो, कारण त्यांना दरवर्षी तीच बाटली पुन्हा आणून दिली जाते.

वैद्याकडे केव्हा जावे : दृष्टी अंधुक होणे, नुसत्या खुपण्याऐवजी खोल ठणका लागणे, उजेड असह्य होणे, बुबुळावर पांढरा ठिपका दिसणे किंवा एका डोळ्याची बाहुली वेगळ्या आकाराची असणे, यांपैकी एकही खूण असल्यास वरील तीन प्रकारांचा तर्क सोडून त्याच दिवशी नेत्रतज्ज्ञाकडे जावे. एक डोळा लाल असून डोकेदुखी, उलट्या आणि दिव्याभोवती रंगीत वलये दिसत असतील, तर तो काचबिंदूचा तीव्र झटका असू शकतो. पहिल्या महिन्यातील अर्भकाच्या डोळ्यात पू येणे आणि कॉन्टॅक्ट लेन्स वापरणाऱ्याचा डोळा लाल होणे या स्थितींतही विलंब चालत नाही. चुना, फवारणीचे औषध किंवा आम्ल डोळ्यात गेल्यास आधी किमान पंधरा मिनिटे स्वच्छ पाण्याची धार सोडावी आणि मगच रुग्णालयाकडे निघावे.

द्राक्षबागेतील छाटणीत काडीचा किंवा ऊसतोडणीत पात्याचा फटका बसून लाल झालेला डोळा ही नाशिक परिसरातील शेतकऱ्यांनी विशेष ध्यानात ठेवावी अशी स्थिती आहे, कारण वनस्पतीच्या ओरखड्यातून बुरशी पारपटलात शिरते आणि आरंभी ती साध्या डोळे येण्यासारखीच दिसते. नेत्रतज्ज्ञ फ्लुओरेसीन हा नारिंगी रंग डोळ्यात लावून निळ्या प्रकाशात तपासतात, तेव्हा जखमेचा भाग हिरवा चमकतो आणि साध्या डोळ्यांना न दिसणारा ओरखडाही स्पष्ट होतो. इजा झालेली नसेल, दृष्टी स्वच्छ असेल आणि ठणका नसेल, तर घरी वाट पाहता येते. मात्र तीन-चार दिवसांत उतार न पडल्यास किंवा डोळे आल्यानंतर दोन आठवड्यांनी ते उजेडाने दिपू लागल्यास तपासणी करून घ्यावी लागते, कारण ॲडिनोविषाणूनंतर पारपटलावर उमटणारे पुसट डाग याच सुमारास त्रास देऊ लागतात.