मुरुड-जंजिरा येथील स्त्रीशिक्षण व स्त्री-मताधिकाराचे टप्पे

मुरुड हे रायगड जिल्ह्यातील किनाऱ्यावरचे गाव १९४८ पर्यंत जंजिरा संस्थानच्या राजधानीचे ठिकाण होते. संस्थानी सत्तेमुळे येथील स्त्रियांपर्यंत शिक्षण आणि मतदानाचा हक्क हे दोन्ही ब्रिटिश मुंबई इलाख्यापेक्षा वेगळ्या वाटेने पोहोचले. (महर्षी कर्वे यांचे मुरुड हे दापोली तालुक्यातील निराळे गाव होय, दोहोंची अनेकदा गल्लत होते.)

राजवाड्यातील शिक्षण

पुण्यात सावित्रीबाई व जोतीराव फुले यांनी १८४८ मध्ये मुलींची शाळा काढली, तर १८८४ मध्ये तेथेच मुलींचे हायस्कूल सुरू झाले. शाळांच्या या चळवळीत सुधारक पुढे होते. जंजिऱ्यात मात्र शिक्षित स्त्रीचे उदाहरण प्रथम राजघराण्यातून दिसते. नवाब सिदी अहमदखान यांच्या पत्नी नाझली रफिया बेगम या मुंबईच्या सुशिक्षित फैजी कुटुंबातील होत्या. त्यांची बहीण अतिया फैजी १९०६ मध्ये शिक्षकी पेशाचे प्रशिक्षण घेण्यासाठी लंडनला गेली. अभ्यासक्रम पुरा न करताच ती १९०७ मध्ये परतली. तथापि तेथून तिने लिहिलेला वृत्तांत उर्दू स्त्री-साप्ताहिकात क्रमशः प्रसिद्ध होऊन घराघरांत वाचला गेला. त्याचा लाभ मुख्यतः पडद्यातील वाचत्या वर्गास झाला. गावातील कोळी वा शेतकरी मुलीपर्यंत तो पोहोचला, असे मानण्यास आधार नाही.

मताधिकार आणि संस्थानची सीमा

डिसेंबर १९१७ मध्ये सरोजिनी नायडू यांच्या नेतृत्वाखाली स्त्रियांचे शिष्टमंडळ मद्रास येथे भारतमंत्री मॉंटेग्यू यांना भेटले. साउथबरो समितीने मागणी नाकारली. १९१९ च्या कायद्याने हा निर्णय प्रांतिक कायदेमंडळांवर सोपवला. रमाबाई रानडे यांच्यासारख्यांच्या प्रयत्नांनंतर मुंबई कायदेमंडळाने १९२१ मध्ये स्त्रियांना मतदानाचा हक्क दिला, पण मालमत्तेच्या अटीसह. स्वतःच्या नावावर मालमत्ता असणाऱ्या स्त्रिया थोड्या असल्याने तो हक्क मोजक्याच जणींना वापरता आला. १९३५ च्या कायद्याने पतीची पात्रता आणि काही प्रांतांत साक्षरता हेही निकष मानले. त्यामुळे शाळेत शिकणे हा प्रथमच मताचा मार्ग ठरला.

हे सर्व निर्णय ब्रिटिश प्रांतांपुरते होते. शेजारच्या अलिबागला लागू असलेला कायदा मुरुडच्या हद्दीत चालत नसे. १९४८ मध्ये संस्थान विलीन होऊन मुरुड कुलाबा जिल्ह्यात आले. संविधानाने प्रौढ मताधिकार दिल्यावर १९५१-५२ च्या पहिल्या सार्वत्रिक निवडणुकीत येथील स्त्रियांना मालमत्तेची, पतीची वा अक्षरओळखीची अट न ठेवता मतदानाचा हक्क मिळाला. त्या वेळी देशात सुमारे २८ लाख स्त्रियांची नावे यादीतून गळली, कारण अनेकींनी स्वतःचे नाव न सांगता केवळ ‘अमुकाची पत्नी’ अशी नोंद केली होती. हा प्रकार प्रामुख्याने उत्तर भारतात घडला.