विचारांचे रवंथ आणि समस्या-निराकरण

विचारांचे रवंथ म्हणजे स्वतःचे दुःख, त्याची कारणे व परिणाम यांविषयी कृतीकडे न वळता पुनःपुन्हा केलेला विचार होय. सुझन नोलन-होक्सेमा यांनी १९९१ मध्ये मांडलेल्या सिद्धान्तानुसार त्यामुळे खिन्नता लांबते व समस्या सोडवणे अवघड होते. रवंथ करणाऱ्यास मात्र आपण उपायच शोधत आहोत असे वाटत राहते.

फरक

दोन्हींचा विषय एकच असू शकतो. फरक प्रश्नाच्या स्वरूपात असतो. गणितात नापास झालेला विद्यार्थी ‘माझ्याच बाबतीत नेहमी असे का होते?’ असे विचारतो, तेव्हा उत्तर सापडत नाही व प्रश्न स्वतःच्या लायकीकडे सरकतो. ‘कोणत्या प्रकरणात गुण गेले?’ या प्रश्नाचे उत्तर उत्तरपत्रिकेत मिळते आणि पुढची पायरी ठरते. ‘का’ हा शब्द सदोष नसतो. ‘हे उदाहरण का चुकले?’ हा प्रश्न मूर्त आहे.

ओळखण्याची कसोटी

मायकेल अ‍ॅडिस व ख्रिस्तोफर मार्टेल यांनी दोन मिनिटांची कसोटी सुचवली. तेवढ्या विचारानंतर उपायाकडे प्रगती झाली नसेल, नवे काही उमगले नसेल आणि खिन्नता वा आत्मदूषणही कमी झाले नसेल, तर तो विचार बहुधा रवंथ असतो.